पाचशे तेहतीस, दोनदा

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. नववीत आहे. दुपारची जेवणं झाल्यावर ती गणिताचा सराव करत बसली होती आणि बराच वेळ एकाच पानावर अडून होती. शेवटी वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मामा, हे बघ ना जरा. माझं उत्तर पुस्तकाशी जुळतच नाहीये."

प्रश्न एका ओळीचा होता. १ ते १००० या संख्यांपैकी ३ ने किंवा ५ ने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या किती? तिने मांडणी नीट केली होती. १००० ला ३ ने भागलं, भागाकार ३३३. म्हणजे ३ ने भाग जाणाऱ्या संख्या ३३३. १००० ला ५ ने भागलं, भागाकार २००. म्हणजे ५ ने भाग जाणाऱ्या २००. दोन्हींची बेरीज ५३३. पुस्तकाच्या मागच्या पानावर मात्र उत्तर ४६७ छापलेलं होतं.

मी चूक दाखवली नाही. तिला म्हटलं, "आता उलटं मोज. ज्यांना ३ नेही भाग जात नाही आणि ५ नेही जात नाही, अशा संख्या किती? पण हजारातून वजा करून सांगायचं नाही. खरोखर मोजायचं."

हजारापर्यंत मोजायचं म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तेव्हा तिला चौकटीच्या वहीत १ ते १५ एका ओळीत लिहायला लावलं, त्याखाली १६ ते ३०, त्याखाली ३१ ते ४५. मग ३ आणि ५ च्या पाढ्यातल्या संख्या खोडायला सांगितल्या. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. खाडाखोड तिन्ही ओळींत बरोबर एकाखाली एक आली होती. पहिल्या ओळीत १, २, ४, ७, ८, ११, १३ आणि १४ या आठ संख्या उरल्या होत्या. दुसऱ्या ओळीतही त्याच जागांवरच्या आठ उरल्या होत्या, तिसरीतही तेच. आता पुढे लिहायची गरज उरली नव्हती. १५-१५ च्या ६६ ओळी भरल्या की ९९० येतात आणि प्रत्येक ओळीत आठ उरतात, म्हणजे ५२८. राहिल्या ९९१ ते १००० या दहा संख्या. त्यांतल्या ९९१, ९९२, ९९४, ९९७ आणि ९९८ या पाच उरतात. एकूण ५३३.

"अरे, हे पण ५३३च!" ती म्हणाली. आणि क्षणभराने, "पण मग दोन्ही मिळून १०६६ होतात. संख्या तर हजारच आहेत."

ज्यांना भाग जातो त्या ५३३ आणि ज्यांना जात नाही त्याही ५३३, हे शक्य नाही. कुठलीही संख्या या दोहोंपैकी एकाच बाजूला असणार, म्हणून दोन्ही बाजू मिळून हजारच भरायला हव्यात. उलटी बाजू तर तिने एकेक संख्या खोडून मोजली होती. म्हणजे जास्तीच्या ६६ संख्या पहिल्या बाजूला कुठून तरी शिरल्या होत्या. त्या कुठून आल्या, हे कळलं की सगळं गणित कळलं.

आमच्या घरात चिंचोक्यांचा एक जुना डबा आहे. तो काढला. कागदावर १५ चौकोनी घरं आखली आणि त्यांना १ ते १५ क्रमांक दिले. ३ च्या पाढ्यातल्या प्रत्येक घरात एक चिंचोका ठेवला : ३, ६, ९, १२, १५. पाच चिंचोके लागले. ५ च्या पाढ्यातल्या घरांत शेंगदाणा ठेवला : ५, १०, १५. तीन शेंगदाणे लागले. आता घरांत ठेवलेल्या वस्तू आठ झाल्या. पण भरलेली घरं मोजली तर ती सातच होतात, कारण १५ क्रमांकाच्या घरात चिंचोकाही आहे आणि शेंगदाणाही.

भाचीने जी बेरीज केली होती, ती चिंचोके आणि शेंगदाणे यांची होती. प्रश्न घरांचा होता. ३३३ अधिक २०० ही बेरीज अचूकच आहे, फक्त ती घरांची नाही, घरांत ठेवलेल्या वस्तूंची आहे. ज्या घरात दोन वस्तू आहेत ते घर या बेरजेत दोनदा आलं. अशी घरं कोणती? जी ३ च्याही पाढ्यात आहेत आणि ५ च्याही, म्हणजे १५, ३०, ४५, ६० अशी १५ च्या पाढ्यातली. १००० ला १५ ने भागलं की भागाकार ६६ येतो, बाकी १० उरते. तर अशी दुहेरी घरं ६६. आपल्या जास्तीच्या ६६ त्याच. त्या प्रत्येक घरातली एक वस्तू उचलून घेतली की प्रत्येक भरलेल्या घरात एकच वस्तू राहते, आणि मग वस्तू मोजल्या काय नि घरं मोजली काय, सारखंच.

३३३ + २०० − ६६ = ४६७

आधी सगळं घ्यायचं आणि दोनदा आलेलं एकदा वगळायचं, म्हणून याला समावेश आणि वगळणुकीचं तत्त्व म्हणतात. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात 'संच' हे पहिलंच प्रकरण आहे आणि त्यात हेच सूत्र दोन संचांसाठी येतं. दोन संचांच्या संयोगातले घटक मोजायचे, तर दोन्हींची बेरीज करून छेदसंचातले घटक वजा करायचे. भाचीला ते सूत्र तोंडपाठ होतं. वर्गात कोणाला क्रिकेट आवडतं आणि कोणाला कबड्डी, अशा उदाहरणांत ती ते बिनचूक वापरत होती. पण या प्रश्नात 'संच' हा शब्दच नव्हता, आणि दोन्ही आवडणाऱ्या मुलांची संख्या तिथे उदाहरणातच दिलेली असते, इथे ती आपण शोधायची असते. मला वाटतं, सूत्र येऊनही गणित अडतं ते इथेच.

उत्तर तपासायचं असेल तर १५ ची ओळ पुन्हा कामाला येते. प्रत्येक ओळीत सात घरं भरलेली : ३, ५, ६, ९, १०, १२, १५. ६६ ओळींची ४६२. उरलेल्या दहांत ९९३, ९९५, ९९६, ९९९ आणि १००० अशी पाच. ४६२ आणि ५ मिळून ४६७. आणि ४६७ मध्ये उलट्या बाजूच्या ५३३ मिळवल्या की हजार पूर्ण भरतात.

प्रश्नातल्या 'किंवा' या शब्दापाशीही थोडं थांबायला हवं. आपण पाहुण्यांना "चहा घेणार की कॉफी?" असं विचारतो तेव्हा दोन्हींपैकी एकच गृहीत धरलेलं असतं. 'की' मध्ये निवड आहे. गणितातला 'किंवा' तसा नाही. दाखल्यासाठी आधारकार्ड किंवा रेशनकार्ड आणा असं सांगितलं आणि एखाद्याने दोन्ही आणली, तर त्याला कोणी परत पाठवत नाही. गणितातला 'किंवा' हा या दुसऱ्या जातीचा आहे. एकाने भाग गेला तरी चालेल, दोन्हींनी गेला तर उत्तमच. म्हणून १५ ला यादीत जागा आहे, पण एकदाच.

'की' आणि 'किंवा' यांची गल्लत झाली की ६६ दोनदा वजा केले जातात. विद्यार्थी म्हणतो, दोन्हींत येणाऱ्या संख्या नकोतच, त्या दोन्हींकडून काढून टाकू. उत्तर येतं ४०१. हीही एका प्रश्नाची बरोबर किंमत आहे, पण तो प्रश्न वेगळा आहे : ३ आणि ५ यांपैकी फक्त एकानेच भाग जाणाऱ्या संख्या किती? चिंचोक्यांच्या भाषेत, एकच वस्तू असलेली घरं किती? तर ४०१ घरांत एक वस्तू, ६६ घरांत दोन, आणि ५३३ घरं रिकामी. तिन्ही मिळून हजार. ही तीन खात्यांची वाटणी एकदा कागदावर लिहून ठेवली की प्रश्नाचे शब्द कसेही फिरवले तरी कुठल्या खात्यांची बेरीज करायची ते दिसतं.

आता त्या ५३३ कडे परत येतो, कारण त्याने माझीही झोप उडवली. चुकीच्या बेरजेत आलेली संख्या आणि रिकाम्या घरांची संख्या एकच कशी? दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. तो नुसता योगायोग असेल, तर दुसऱ्या दोन संख्या घेतल्यावर तो मोडायला हवा.

३ आणि ७ घेऊन पाहिलं. ओळ २१ घरांची. ३ च्या पाढ्याच्या सात वस्तू, ७ च्या पाढ्याच्या तीन, मिळून दहा. भरलेली घरं नऊ, कारण २१ चं घर दुहेरी. रिकामी बारा. दहा आणि बारा जुळत नाहीत. ३ आणि ४ घेतले तर ओळ बारा घरांची, वस्तू सात, रिकामी घरं सहा. इथे थोडक्यात हुकलं. २ आणि ५ घेतले तर ओळ दहाची, वस्तू सात, रिकामी घरं चारच : १, ३, ७, ९. मी अशा बऱ्याच जोड्या तपासल्या. ३ आणि ५ सोडून कुठेच जुळेना.

मग अक्षरं मांडली. समान अवयव नसलेल्या दोन संख्या घ्या, त्यांना प आणि फ म्हणू. ओळ प × फ घरांची. त्या ओळीत वस्तू प + फ. दुहेरी घर फक्त शेवटचं, म्हणून भरलेली घरं वस्तूंपेक्षा एकाने कमी. रिकामी घरं म्हणजे प × फ मधून प + फ − १ वजा. ही रिकामी घरं वस्तूंइतकीच हवी असतील तर

प × फ − (प + फ) + १ = प + फ

सगळं एका बाजूला आणून थोडी जुळवाजुळव केली की यातून एवढंच उरतं :

(प − २) × (फ − २) = ३

दोन पूर्ण संख्यांचा गुणाकार ३ यायचा, तर त्यांतली एक १ आणि दुसरी ३ असायला हवी. ऋण १ आणि ऋण ३ घेतले तर प आणि फ यांतली एक संख्याच ऋण होते, तिचा इथे उपयोग नाही. म्हणून एक संख्या ३ आणि दुसरी ५. दुसरी जोडीच नाही. हजाराचं हे गणित देणाऱ्याने ३ आणि ५ बहुधा सोयीसाठी घेतले असतील, पण चुकीचं उत्तर आणि उलट्या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच ठरवणारी ती एकमेव जोडी आहे.

हे पूर्ण ओळींबद्दल झालं. शेवटची ओळ अर्धवट राहिली तर काय? वरची मर्यादा २० घेतली तर वस्तू ६ + ४ म्हणजे १०, भरलेली घरं ९, रिकामी ११. एकाचा फरक पडला. म्हणजे प्रत्येक मर्यादेला हे जमत नाही. हजाराला मात्र जमतं, कारण हजाराला १५ ने भागल्यावर बाकी १० उरते आणि दहापर्यंतच्या तुकड्यात वस्तू पाच (३, ५, ६, ९, १०) आणि रिकामी घरंही पाच (१, २, ४, ७, ८). शंभराला १५ ने भागलं तरी बाकी १० च, दहा हजारांनाही १० च. १० च्या कुठल्याही घाताला १५ ने भागा, बाकी १० च उरते. त्यामुळे १०० पर्यंत ५३ आणि ५३, १००० पर्यंत ५३३ आणि ५३३, १०,००० पर्यंत ५३३३ आणि ५३३३, असं कितीही पुढे गेलं तरी चालू राहतं.

आता सावध राहायच्या दोन जागा. या दोन्ही जागी मी हुशार मुलांना घसरताना पाहिलं आहे.

पहिली जागा म्हणजे '१५'. हे १५ आलं कुठून? बहुतेकजण म्हणतात, ३ आणि ५ चा गुणाकार. या उदाहरणात ते खरं ठरतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. आपल्याला हवी असते ती दोन्ही पाढ्यांत येणारी सर्वांत लहान संख्या, म्हणजे लसावि. ३ आणि ५ ला १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून त्यांचा लसावि हाच त्यांचा गुणाकार. पण प्रश्नात ३ आणि ५ ऐवजी ४ आणि ६ आले तर? गुणाकार २४, लसावि १२. दोन्हींनी भाग जाणारी पहिली संख्या १२ आहे, आणि १२, ३६, ६० या संख्यांना २४ ने भाग जात नाही. गुणाकार धरून मोजलं तर २५० + १६६ − ४१ म्हणजे ३७५ येतात. लसावि धरला तर २५० + १६६ − ८३ म्हणजे ३३३. खरं कुठलं, ते ओळीवरून लगेच ठरतं : १ ते १२ मध्ये ४, ६, ८ आणि १२ अशी चार घरं भरतात, म्हणजे एक तृतीयांश. हजाराचा एक तृतीयांश ३३३ च्या आसपास असतो, ३७५ नाही.

दुसरी जागा म्हणजे काठ. १००० ला १५ ने कॅल्क्युलेटरवर भागलं की ६६.६६६ असं दिसतं आणि हात आपसूक ६७ लिहितो. पण सदुसष्टावं दुहेरी घर १००५ वर आहे, ते हजाराच्या बाहेर. भागाकार घ्यायचा, बाकी सोडून द्यायची, ती कितीही मोठी असली तरी. पाऊण घर नसतं.

काठावरची दुसरी अडचण शब्दांची असते. '१ ते १०००' मध्ये १००० धरलेली आहे. '१००० पेक्षा लहान' म्हटलं की ती गेली. १००० ला ५ ने भाग जातो, म्हणून ५ च्या पाढ्यातल्या संख्या २०० ऐवजी १९९ होतात आणि उत्तर ४६६. संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्यांची इथे हमखास गडबड होते. पायथनमध्ये ही मोजणी एका ओळीत होते :

```
len([n for n in range(1, 1001) if n % 3 == 0 or n % 5 == 0])
```

इथे `1001` का, तर `range` शेवटची संख्या धरत नाही. कोणी `1000` लिहिलं की उत्तर ४६६ येतं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट ऑयलर या संकेतस्थळावरचं पहिलंच कोडं याच संख्यांवर आहे. तिथे संख्या किती ते विचारलेलं नाही, १००० पेक्षा लहान अशा सगळ्या संख्यांची बेरीज विचारली आहे. तिथेही युक्ती हीच चालते. ३ च्या पाढ्याची ९९९ पर्यंतची बेरीज १,६६,८३३, ५ च्या पाढ्याची ९९५ पर्यंतची ९९,५००, आणि दोनदा आलेली १५ च्या पाढ्याची ९९० पर्यंतची बेरीज ३३,१६५ वजा. उत्तर २,३३,१६८. घरं मोजायची असोत की घरांवरच्या क्रमांकांची बेरीज करायची असो, दोनदा आलेलं एकदा काढायचं.

सुरुवात १ पासून नसेल तेव्हा काठ दोन होतात. तीन अंकी संख्यांमध्ये ३ ने किंवा ५ ने भाग जाणाऱ्या किती? ९९९ पर्यंतच्या मोजायच्या आणि ९९ पर्यंतच्या वजा करायच्या, १०० पर्यंतच्या नाहीत. १०० ही स्वतः तीन अंकी आहे आणि तिला ५ ने भाग जातो. ९९९ पर्यंत ४६६, ९९ पर्यंत ३३ + १९ − ६ म्हणजे ४६. उत्तर ४२०. चुकून १०० पर्यंतच्या वजा केल्या तर ४१९ येतं. असा एकाचा फरक नजरेला खटकत नाही, म्हणून मी मुलांना सांगतो, काठावरची संख्या हाताने तपासा. तिला भाग जातो का? ती प्रश्नात धरलेली आहे का? मोठ्या हिशेबाच्या आधी हे दोन प्रश्न वहीच्या कडेला लिहावेत.

भाचीचं एव्हाना समाधान झालं होतं, पण तिनेच पुढचं विचारलं. "आणि ७ पण घातले तर?"

हे खरं कसोटीचं गणित. ३, ५ किंवा ७ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? चिंचोके, शेंगदाणे, आणि ७ साठी आपण फुटाणे घेऊ. १००० ला ७ ने भागून १४२, म्हणून फुटाणे १४२. एकूण वस्तू ३३३ + २०० + १४२ म्हणजे ६७५. आता दुहेरी घरं वगळायची. चिंचोका आणि शेंगदाणा एकत्र असलेली ६६. चिंचोका आणि फुटाणा एकत्र असलेली, २१ च्या पाढ्यातली, ४७. शेंगदाणा आणि फुटाणा एकत्र असलेली, ३५ च्या पाढ्यातली, २८. मिळून १४१. ते वजा केले की ५३४.

इथे थांबलं तर उत्तर चुकतं. १०५ चं घर बघा. ३, ५ आणि ७ या तिन्हींनी १०५ ला भाग जातो, म्हणून त्या घरात तीन वस्तू आहेत. वगळताना मात्र ते घर तीनदा पुढे आलं : १५ च्या पाढ्यात, २१ च्या पाढ्यात आणि ३५ च्या पाढ्यात. दरवेळी आपण एक वस्तू उचलली. तीन ठेवल्या आणि तीन उचलल्या, घर रिकामं झालं. भरलेलं घर आपल्या हाताने आपण रिकामं केलं. तेव्हा अशा तिहेरी घरांत एकेक वस्तू परत ठेवायला हवी. १०५ च्या पाढ्यात हजारपर्यंत नऊ संख्या येतात, १०५ पासून ९४५ पर्यंत. ५३४ अधिक ९, उत्तर ५४३.

५३४ आणि ५४३ या दोन्हींत अंक तेच आहेत. घाईत वाचणाऱ्याला वाटेल की लिहिताना अदलाबदल झाली. तसं नाही, मधे नऊ घरांचा हिशेब आहे.

पाढे जितके वाढतील तितक्या फेऱ्या वाढतात. एकेकट्यांची बेरीज, जोड्यांची वजाबाकी, तिकड्यांची बेरीज, चौकड्यांची वजाबाकी. घरात कितीही वस्तू असल्या तरी या अदलाबदलीनंतर तिथे बरोबर एकच शिल्लक राहते. चार वस्तूंचं घर घेऊन पाहा : चार ठेवल्या, सहा जोड्यांसाठी सहा उचलल्या, चार तिकड्यांसाठी चार परत ठेवल्या, एका चौकडीसाठी एक उचलली. चार वजा सहा अधिक चार वजा एक, उरली एक. मधे हिशेब उण्यात जातो, म्हणून मुलं गोंधळतात. पण शेवटच्या फेरीपर्यंत धीर धरला की तो जुळतो.

ही बेरीज-वजाबाकीची चाल संख्यांच्या पाढ्यांपुरती कधीच नव्हती. फ्रान्समधून इंग्लंडमध्ये गेलेले गणिती अब्राहम द म्वाव्र यांनी १७१८ मध्ये छापलेल्या ग्रंथात जुगारातल्या संभाव्यता मोजताना ती वापरली आहे. पुढे १८५४ मध्ये पोर्तुगालच्या दानियेल दा सिल्वा यांनी ती सूत्ररूपात मांडली. पण मूळ संख्यांसाठी ती जितकी कामाची आहे तितकी, माझ्या मते, दुसरीकडे कुठे नाही. कारण मूळ संख्या म्हणजे रिकामी राहिलेली घरंच की.

कागद घ्या आणि १ ते १०० पर्यंत २, ३, ५ आणि ७ हे चार पाढे घेऊन मोजून पाहा. एकेकट्यांची बेरीज ११७ येईल. सहा जोड्यांच्या मिळून ४५ वजा करा. चार तिकड्यांच्या मिळून ६ मिळवा. चौकडी २१० वर आहे, ती शंभराच्या बाहेर, म्हणजे शून्य. भरलेली घरं ७८ आणि रिकामी २२ यायला हवीत. त्या २२ मध्ये पहिलं घर १ चं आहे. बाकीच्या २१ घरांत, ११ पासून ९७ पर्यंत, फक्त मूळ संख्या आहेत.